तासाला सरासरी दोन थांबे, मग एका तासात सहा कसे?

प्रश्न : नमस्कार सर. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, सीएनसी आणि व्हीएमसी मिळून बावीस मशिनं, तिन्ही पाळ्या चालतात. टूल तुटणं, अलार्म येणं, सेन्सर अडकणं अशा कारणांनी तासाला सरासरी दोन वेळा कुठलंतरी मशीन थांबतं. काल तिसऱ्या पाळीत २ ते ३ या एका तासात सहा थांबे झाले. मालक म्हणतात, रात्रीची पोरं लक्ष देत नाहीत. सरासरी दोन असताना सहा म्हणजे तिप्पट. हा योगायोग असू शकतो का, आणि तसं असेल तर ते मालकांना दाखवायचं कसं?

उत्तर :

योगायोग असू शकतो. नुसता असू शकतो एवढंच नाही, तुमच्यासारख्या चोवीस तास चालणाऱ्या शॉपमध्ये आठवडाभरात असा एखादा तास आला नाही तर मला नवल वाटेल. पण त्या सहा थांब्यांमागे खरं कारण असण्याचीही शक्यता आहे, आणि ते कारण बहुतेक वेळा रात्रीच्या पोरांपेक्षा वेगळ्या ठिकाणी सापडतं. दोन्ही गोष्टी तुमच्या ब्रेकडाउनच्या वहीतून तपासता येतात. क्रमाने बघू.

आधी तासाकडे बारकाईने बघा. एका तासात ३,६०० सेकंद. तासाला सरासरी दोन थांबे, म्हणजे कुठल्याही एका सेकंदात थांबा येण्याची शक्यता ३,६०० मध्ये २, अगदीच किरकोळ. पण असे सेकंद ३,६०० आहेत. प्रत्येक सेकंदाला ही किरकोळ शक्यता सारखीच आहे आणि एका सेकंदात काय झालं याचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही असं धरलं, तर अख्खा तास एकही थांबा न येता जाण्याची शक्यता म्हणजे (१ − २/३६००) ही संख्या ३,६०० वेळा स्वतःशी गुणायची. उत्तर येतं ०.१३५. दर सात-आठ तासांत एक तास पूर्ण शांत. यालाच पॉयसन वितरण म्हणतात. सिमेऑन पॉयसन या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली ते मांडलं. याला फक्त एकच आकडा लागतो, सरासरी दर. तो कळला की शून्य, एक, दोन, सहा अशा प्रत्येक संख्येची शक्यता त्यातून आपोआप निघते.

सूत्र पाठ करायची गरज नाही. साध्या कॅल्क्युलेटरवर जमणारी रीत सांगतो. शून्याची शक्यता ०.१३५ घ्या. एकाची काढायला तिला सरासरीने गुणा आणि १ ने भागा : ०.२७१. दोनची काढायला या उत्तराला पुन्हा सरासरीने गुणा आणि २ ने भागा : पुन्हा ०.२७१. तीनसाठी पुन्हा २ ने गुणून ३ ने भागा : ०.१८०. असंच पुढे गेलं की चारला ०.०९०, पाचला ०.०३६ आणि सहाला ०.०१२ येतात. सरासरी दोन असूनही बरोबर दोन थांब्यांचे तास चारांत जेमतेम एक आहेत, हे इथेच लक्षात येईल. उरलेले तीन तास सरासरीपेक्षा वेगळेच असणार.

आता मालकांचा मुद्दा. "बरोबर सहा" ही शक्यता मोजू नका, "सहा किंवा जास्त" ही मोजा. सात थांबे झाले असते तरी ते हेच म्हणाले असते. शून्य ते पाचपर्यंतच्या सगळ्या शक्यतांची बेरीज करून ती एकातून वजा केली की ०.०१६६ मिळतात. म्हणजे साठ तासांत एक. संगणकावर एक्सेलमध्ये करायचं असेल तर असं :

```
=POISSON.DIST(6,2,FALSE)
=1-POISSON.DIST(5,2,TRUE)
```

पहिली ओळ बरोबर सहाची शक्यता देते, दुसरी सहा किंवा जास्तची. दुसऱ्या ओळीत ५ लिहायचे, ६ नव्हे. तिथे ६ घातले तर सहाचा तासच हिशोबातून निसटतो आणि शक्यता ०.००४५ दिसते, खऱ्यापेक्षा जवळजवळ चौपट कमी. मग साधा योगायोगसुद्धा भलता संशयास्पद वाटायला लागतो.

साठांत एक ऐकून मालक म्हणतील, बघा, किती दुर्मीळ! इथेच त्यांना थांबवा. साप्ताहिक सुट्टी सोडून सहा दिवस चोवीस तास म्हणजे आठवड्याचे १४४ तास. साठांत एक या हिशोबाने आठवड्यात दोन-तीन तास असे येणारच. एकट्या तिसऱ्या पाळीचे आठवड्याला ४८ तास होतात. त्या ४८ तासांत सहा किंवा जास्त थांब्यांचा निदान एक तास येण्याची शक्यता ५५ टक्के आहे. म्हणजे रात्रीची पोरं डोळ्यांत तेल घालून उभी राहिली, तरी निम्म्याहून जास्त आठवड्यांत त्यांच्या नावावर असा एक तास लागणार.

"काल रात्री २ ते ३ मध्ये बघा" असं कुणी आधीच सांगून ठेवलं असतं आणि नेमक्या त्याच तासात सहा आले असते, तर साठांत एक हा आकडा वापरणं योग्य होतं. आठवडाभर काम झाल्यावर त्यातला सगळ्यांत वाईट तास निवडून काढला, तर तो वाईट दिसणारच. दुसरी खबरदारी अशी की तास घड्याळाचाच धरा, २ ते ३, ३ ते ४. काही सुपरवायझर २ वाजून १० मिनिटं ते ३ वाजून १० मिनिटं असा तास सोयीने सरकवतात, म्हणजे जास्तीत जास्त थांबे त्यात मावतात. सरकता तास धरला की सहाची वेळ साठांत एकपेक्षा बरीच जास्त वेळा येते, आणि वरचं गणित त्याला लागू पडत नाही.

मालकांना आणखी एक गोष्ट दाखवा, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. तासाला दोन म्हणजे दर अर्ध्या तासाला एक, असं आपण मनात धरून चालतो. यदृच्छेने येणाऱ्या घटना तशा अंतर ठेवून येत नाहीत. सरासरी अंतर अर्धा तास असलं तरी निम्मी अंतरं २१ मिनिटांपेक्षा कमी असतात. एक थांबा झाल्यावर दहा मिनिटांच्या आत दुसरा येण्याची शक्यता २८ टक्के आहे. अधूनमधून तास-दीड तासाचा मोठा खंड पडतो आणि त्याच्या मोबदल्यात बाकीचे थांबे जवळजवळ येतात. वहीत हे पुंजके बघितले की कुणालाही त्यामागे कारण आहे असं वाटतं. थांबे अगदी समान अंतराने यायला लागले, तर उलट मी आधी तिकडे धावेन. कारण ते टूलचं आयुष्य संपल्यासारखं नियमित घडणारं काहीतरी असतं, त्यात योगायोग नसतो.

इथपर्यंतचं सगळं एका गृहीतावर उभं आहे : थांबे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि दर दिवसरात्र सारखा आहे. तुमच्या शॉपमध्ये तसं आहे का? ही खरी तपासणी आणि ती सगळ्यांत मोलाची, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवू.

पॉयसन वितरणाची एक खूण आहे. त्यात सरासरी आणि व्हेरियन्स सारखे असतात. व्हेरियन्स म्हणजे प्रत्येक तासाचा आकडा सरासरीपासून किती लांब गेला त्याच्या वर्गांची सरासरी. म्हणून एक आठवडा तासागणिक थांबे मांडायचे, दोन्ही आकडे काढायचे आणि व्हेरियन्सला सरासरीने भागायचं. उत्तर एकच्या आसपास आलं तर गृहीत टिकलं. १४४ तासांच्या नोंदीत नुसत्या योगायोगाने हा भागाकार साधारण ०.७६ ते १.२४ या पट्ट्यात हलतो. त्याच्या बाहेर गेला तर काहीतरी आहे.

तुमची वही माझ्यासमोर नाही, म्हणून नमुन्यादाखल एक आठवडा मांडतो. आकडे मी बसवलेले आहेत, पण मशीन शॉपच्या वह्यांची ढब साधारण अशीच असते. अपेक्षित तास याच आठवड्याच्या सरासरीवरून काढून जवळच्या पूर्णांकात दिले आहेत.

| तासातले थांबे | अपेक्षित तास | वहीतले तास |
|---|---|---|
| ० | २१ | ३१ |
| १ | ४१ | ४० |
| २ | ३९ | ३० |
| ३ | २५ | १८ |
| ४ | १२ | १२ |
| ५ | ५ | ७ |
| ६ किंवा जास्त | २ | ६ |

शेवटच्या ओळीतल्या सहा तासांत चार तास सहाचे, एक सातचा आणि एक आठचा. एकूण थांबे २७६, सरासरी १.९२. व्हेरियन्स काढला तर २.९० येतो. भागाकार १.५१, पट्ट्याच्या चांगलाच बाहेर. टेबलातही तेच दिसतं. पूर्ण शांत तास जास्त आहेत, फार वाईट तासही जास्त आहेत आणि मधले दोन-तीनचे तास ओसरलेत. शांतही जास्त आणि वाईटही जास्त, हे एकत्र दिसलं की समजायचं, थांबे एकटे येत नाहीत, घोळक्याने येतात.

घोळका कुठून येतो ते शोधायला वहीतला वेळेचा रकाना मिनिटापर्यंत भरलेला हवा. "रात्री अडीचच्या सुमारास" अशी नोंद कामाची नाही. मिनिटं असली की तीन प्रकार लगेच वेगळे पडतात.

पहिला, एकाच मिनिटात तीन-चार मशिनं थांबलेली. हे बहुतेक कॉम्प्रेसरचं काम. हवेचा दाब उतरला की त्या लाइनवरच्या मशिनांवर कमी दाबाचा अलार्म एकदम येतो. वळवाच्या पावसात व्होल्टेज खाली गेलं तरी ड्राइव्हचे अलार्म असेच एकत्र येतात. वहीत चार ओळी आहेत, पण घटना एक.

दुसरा, एकच मशीन दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा पुन्हा थांबलेलं. ऑपरेटरने रिसेट मारून मशीन चालू केलं, मूळ बिघाड तसाच राहिला. चिप अडकलेल्या सेन्सरवर हे हमखास होतं. इथेही घटना एकच.

तिसरा प्रकार जास्त फसवा आहे. एका पार्टवर अर्धी पाळी इन्सर्ट तुटत राहतात. कास्टिंगच्या एखाद्या लॉटमध्ये कडक जागा राहिल्या असतील तर तो लॉट संपेपर्यंत दर वाढलेला राहतो आणि नवा लॉट लागला की मूळ जागी येतो. हे थांबे खरोखर वेगवेगळे आहेत, एकत्र मोजता येत नाहीत. दरच काही तासांपुरता बदललेला असतो. म्हणून नोंदीत कास्टिंगचा लॉट किंवा हीट नंबर लिहायला सांगा. आपल्याकडे फाउंड्री आणि मशीन शॉप बऱ्याचदा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात, त्यामुळे तो नंबर मिळवणं अवघड जात नाही. नंबर नसेल तर फाउंड्रीचा दोष ऑपरेटरच्या माथी बसतो, आणि मला यात सगळ्यांत वाईट हेच वाटतं.

नमुन्याच्या आठवड्यात समजा दाब उतरण्याचे सहा प्रसंग निघाले, प्रत्येकात चार मशिनं थांबलेली. २४ ओळींच्या ६ घटना झाल्या, १८ कमी. एकाच मशीनच्या पुन्हा-पुन्हाच्या थांब्यांतून आणखी १८ कमी झाले. २७६ चे राहिले २४०, म्हणजे तासाला १.६७. पुन्हा व्हेरियन्स काढला तर समजा १.८ आला. भागाकार १.०८, पट्ट्याच्या आत. म्हणजे उरलेल्या थांब्यांमध्ये शोधण्यासारखं वेगळं काही नाही, आणि जे शोधायचं होतं ते कॉम्प्रेसर आणि रिसेटच्या सवयीत सापडलं. तुमच्या काल रात्रीच्या तासातही आधी हेच बघा : सहांपैकी किती थांबे एका मिनिटात पडलेत आणि किती एकाच मशीनचे आहेत.

घटना म्हणजे काय ही व्याख्या मात्र आकडे बघण्याआधी ठरवून भिंतीवर लावा. उदाहरणार्थ, एकाच कारणाने दोन मिनिटांत थांबलेली मशिनं म्हणजे एक घटना, आणि तेच मशीन त्याच अलार्मने पंधरा मिनिटांत पुन्हा थांबलं तर नवी घटना नाही. व्याख्या मागाहून ठरवली तर भागाकार एकवर येईपर्यंत माणूस ओळी जोडत बसतो.

आता रात्रपाळीचा खरा न्याय. तो एका तासावर करता येत नाही, अख्ख्या पाळीच्या बेरजेवर करायचा. पॉयसन मोजणीत बेरजेचं वर्गमूळ म्हणजे तिची नैसर्गिक हालचाल. २४० घटना तीन पाळ्यांत सारख्या वाटल्या तर प्रत्येकी ८०, आणि ८० चं वर्गमूळ जवळजवळ ९. त्याच्या दुपटीपर्यंत, म्हणजे ६२ ते ९८ मध्ये कुठलीही पाळी गेली तरी त्यावर बोट ठेवता येत नाही. पहिल्या पाळीत ७६, दुसरीत ७९ आणि तिसरीत ८५ आले, तर तिसरी पाळी वरच्या बाजूला दिसते खरी, पण तो फरक योगायोगाच्या पोटात सहज मावतो. हेच प्रमाण चार आठवडे टिकलं तरी बेरजा साधारण ३०४, ३१६ आणि ३४० होतील. अपेक्षित ३२०, वर्गमूळ १८, म्हणजे अजूनही बोलण्यासारखं नाही. तिसऱ्या पाळीत चार आठवड्यांत ३८० निघाले तर मात्र मालकांचं म्हणणं गांभीर्याने घ्या. तेव्हाही आधी त्या पाळीत कुठला पार्ट चालतो आणि मेन्टेनन्सचा फिटर हजर असतो का ते बघा, मग माणसांकडे वळा. आणि तिन्ही पाळ्यांत चालू मशिनं सारखी नसतील, तर तास न मोजता मशीन-तास मोजा. रात्री बावीसपैकी सोळाच चालत असतील तर वाटणी त्या प्रमाणात करावी लागेल.

मालकांना रोजच्या देखरेखीसाठी एक रेषा हवी असेल, ज्याच्यावर गेलं की फोन करायचा, तर तीही याच गणितातून काढा. दर १.६७ धरला तर तासाला सात किंवा जास्त घटना योगायोगाने महिन्यातून साधारण एकदा येतात. सहाची रेषा ठेवली तर महिन्यात चार-पाच वेळा विनाकारण फोन होईल, आणि मग कुणीच तो मनावर घेणार नाही. म्हणून तासाची रेषा सातवर ठेवा.

पण ही तासाची रेषा मोठा, अचानक आलेला बिघाडच पकडते. दर हळूच १.६७ वरून ३ वर गेला, तर तासाला सात यायला सरासरी तीस तास लागतात. तोवर सव्वा दिवस जाऊन कितीतरी जॉब वाया गेलेले असतात. पाळीच्या आठ तासांची बेरीज इथे जास्त उपयोगी पडते. नेहमीच्या दराने पाळीत सरासरी १३.३ घटना होतात. त्याचं वर्गमूळ ३.६५. तिप्पट वर गेलं की २४.३, म्हणून पाळीत २५ किंवा जास्त झाल्या तर फोन करायचा. विनाकारण फोन कित्येक महिन्यांतून एखादा होईल, आणि दर ३ वर गेला असेल तर जवळजवळ निम्म्या पाळ्या ही रेषा ओलांडतील. म्हणजे सरासरी दोन-तीन पाळ्यांत कळेल. दोन्ही रेषा एकाच तक्त्यावर ठेवा आणि पाळी संपताना सुपरवायझरने बेरीज लिहायची सवय लावा.

दोन मर्यादा सांगायला हव्यात. थांबलेलं मशीन पुन्हा थांबू शकत नाही. बावीसपैकी एखाद-दुसरं बंद असेल तर फरक पडत नाही, पण एकाच फिटरमुळे पाच-सहा मशिनं तासन्‌तास वाट बघत उभी राहायला लागली की उरलेल्यांचा एकूण दर आपोआप घटतो आणि वहीत परिस्थिती आहे त्यापेक्षा बरी दिसते. त्यासाठी थांब्यासोबत मशीन पुन्हा चालू झाल्याची वेळही लिहा. दुसरी मर्यादा दराचीच. नवीन मशीन आलं, पार्ट बदलला, कॉम्प्रेसर दुरुस्त झाला की जुना १.६७ बाद. किमान दोन आठवडे नव्याने मोजा, भागाकार पुन्हा तपासा आणि मगच रेषा नव्याने आखा.